‘वाइंडिंग जळाले’ या शेऱ्यामागे

दोन वर्षांच्या आत तीन बिलं आली आणि तिन्हींवर शेरा एकच होता : ‘मोटरचे वाइंडिंग जळाल्याने कॉम्प्रेसर बदलला.’ घाटमाथ्यापलीकडच्या पठारावरच्या एका शहरातलं हे नाट्यगृह. त्याचं नाव इथे देत नाही, कारण संबंधित मंडळी अजून त्याच खुर्च्यांवर आहेत. तिसऱ्या बिलाच्या वेळी लेखापरीक्षकांनी साधा प्रश्न विचारला. अकरा वर्षं एकही कॉम्प्रेसर न बदललेल्या यंत्रात अचानक तीन का जळावेत? उत्तरासाठी एक छोटी तांत्रिक समिती नेमली गेली आणि तिच्यात मी होतो. समितीने शेवटी जो अहवाल दिला त्याला या धंद्यात ‘रूट कॉज अॅनालिसिस’, म्हणजे मूळ कारणाचा शोध म्हणतात. तो शोध कसा चालतो हे या एका प्रकरणातून पाहण्यासारखं आहे.

आधी यंत्राची ओळख. मोठ्या इमारतीत थंड हवा खोल्याखोल्यांत तयार होत नाही. तळघरात एक चिलर असतो. तो पाणी सात-आठ अंशांपर्यंत गार करतो आणि ते पाणी पाइपांतून वर जाऊन प्रेक्षागृहातली हवा थंड करतं. पाण्यातून काढलेली उष्णता कुठेतरी टाकायला हवी. ‘वॉटर-कूल्ड’ चिलरमध्ये ती कंडेन्सरमधल्या दुसऱ्या पाण्याला दिली जाते आणि ते पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये जाऊन निवतं. उष्णता इकडून तिकडे नेण्याचं काम करतो तो गॅस. इथे तो आर-२२ होता. पाण्याकडून उष्णता घेताना तो उकळून वाफ होतो, कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो आणि कंडेन्सरमध्ये ती पुन्हा द्रव होते. द्रव, वाफ, पुन्हा द्रव, असं हे चक्र चालू राहतं. कॉम्प्रेसरने ओढायची ती वाफच. द्रव त्याच्या पोटात जाता कामा नये. पुढची सगळी कथा या एका अटीभोवती फिरते.

या चिलरमध्ये चाळीस-चाळीस टनांचे दोन कॉम्प्रेसर होते, दोघांची गॅसची सर्किटं वेगळी. कॉम्प्रेसर पिस्टनचे, मोटर आणि पिस्टन एकाच ओतीव कवचात बसवलेले. अशा यंत्राला सेमी-हर्मेटिक म्हणतात. त्याचा फायदा असा की बोल्ट काढून ते उघडता येतं. तळाशी तेलाचा साठा, शाफ्टच्या टोकाला तेलाचा पंप आणि कवचाच्या बाजूला एक छोटी गोल काच. या साइट ग्लासमधून तेलाची पातळी दिसते.

जळाले ते तिन्ही कॉम्प्रेसर एक नंबरच्या जागेवरचे होते. पहिला जानेवारीत गेला, दुसरा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तिसरा पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. दोन नंबरला मूळचाच कॉम्प्रेसर, अजून ठणठणीत.

समितीची पहिली बैठक झाली तेव्हा कारणं तयारच होती. इलेक्ट्रिशियनचं मत होतं, व्होल्टेज वरखाली होतंय, स्टॅबिलायझर बसवा. त्याचं कोटेशनही फाइलला लागलेलं होतं. एसीच्या ठेकेदाराचं मत, कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार साचलेत. पुरवठादाराचं मत, यंत्र जुनं झालंय, नवं घ्या. यातलं कुठलंच मत मूर्खपणाचं नव्हतं. तिन्ही कारणांनी कॉम्प्रेसर खरोखर मरतात. पण प्रत्येकाने आपापल्या दुकानात मिळणारं कारण सांगितलं होतं आणि मेलेला कॉम्प्रेसर आतून कोणीच पाहिला नव्हता.

का पाहिला नव्हता, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा कॉम्प्रेसर ‘एक्स्चेंज’मध्ये बदलतात. जळालेला घेऊन जायचा, नूतनीकरण केलेला बसवायचा, किमतीत सूट द्यायची. नाट्यगृहाला दोन दिवसांत गार हवा मिळते, ठेकेदाराचं काम होतं, सगळे खूश. पुरावा मात्र टेम्पोत बसून निघून जातो. पहिले दोन कॉम्प्रेसर असेच गेले. तिसरा वाचला, तो लेखापरीक्षकांच्या प्रश्नामुळे. बिल अडलं म्हणून जुना कॉम्प्रेसर तळघरातच पडून राहिला होता.

तो आम्ही उघडला. सगळ्यात आधी मोटरचं वाइंडिंग पाहिलं, कारण शेरा तिथेच बोट दाखवत होता. वाइंडिंग जळालं होतं हे खरं, पण कसं? वीजपुरवठ्यात दोष असेल तर जळण्याला एक शिस्त असते. एक फेज गेला असेल, तर ठरावीक फेजची वेटोळी सगळीकडून काळी पडतात आणि उरलेली जवळजवळ कोरी राहतात. मोटरवर भार जास्त आला असेल, तर तिन्ही फेज सारखेच भाजतात. इथे तसं काहीच नव्हतं. खालच्या बाजूला हाताच्या पंजाएवढ्या जागेत तांबं वितळलेलं होतं आणि बाकीचं वाइंडिंग मूळच्या रंगाचं. ज्या ठिकाणी ते वितळलं होतं, त्याच बाजूला स्टेटरच्या लोखंडावर घासल्याची चकाकी होती, आणि तशीच चकाकी फिरणाऱ्या रोटरवर होती. म्हणजे रोटर मधोमध न फिरता खाली झुकला होता आणि स्थिर भागाला घासत होता. रोटर आणि स्टेटर यांच्यातली फट जेमतेम मिलिमीटरभराची. शाफ्टला धरून ठेवणारं बेअरिंग झिजलं की ती फट संपते.

या ठिकाणी शेऱ्याचा अर्थ बदलला. मोटर जळून कॉम्प्रेसर मेला नव्हता. कॉम्प्रेसर आधी यांत्रिकदृष्ट्या मोडला आणि मग मोटर जळाली. वाइंडिंग हा साखळीतला शेवटचा दुवा होता. तो सगळ्यात ठळक दिसतो, मीटर लावला की पाच मिनिटांत सापडतो, आणि म्हणूनच बिलावर येतो.

मग बेअरिंग का झिजलं? इथे क्रँकशाफ्ट बोलतो. शाफ्टवर ओळीने ज्या जागा असतात, जिथे पिस्टनचे कनेक्टिंग रॉड बसतात, त्या आम्ही एकेक पुसून पाहिल्या. कॉम्प्रेसर चालू असताना द्रव गॅस सतत थोडाथोडा परत येत असेल, तर तेल हळूहळू पातळ होतं आणि झीज क्रमाने वाढत जाते : एका टोकाला कमी, मग जास्त, मग त्याहून जास्त. द्रवाचा मोठा लोंढा एकदम सिलिंडरमध्ये शिरला, तर रॉड मोडतो, व्हॉल्व्हचे तुकडे होतात, कारण द्रव दाबला जात नाही. उष्णतेने मेलेल्या कॉम्प्रेसरमध्ये व्हॉल्व्ह प्लेट करपलेली आणि तेल काळंकुट्ट असतं. आमच्या शाफ्टवर यातलं काही नव्हतं. पहिली जागा खरवडलेली, दुसरी गुळगुळीत, तिसरी इतकी ओरबाडलेली की रॉड जवळपास चिकटलेला, चौथी बऱ्यापैकी ठीक. मोटरकडचं मुख्य बेअरिंग खूप झिजलेलं. व्हॉल्व्ह प्लेट स्वच्छ, एकही पान मोडलेलं नाही.

हा अनियमित, कुठेही कसाही पडलेला ओरखडा अनुभवी मेकॅनिकला लगेच ओळखू येतो. तो सुरू होतानाच्या अपघाताची खूण आहे. इंग्रजीत त्याला ‘फ्लडेड स्टार्ट’ म्हणतात. बंद असलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस मुरतो आणि सुरू होण्याच्या त्या एक-दोन मिनिटांत बेअरिंगांना तेल मिळत नाही. कुठल्या बेअरिंगला त्या क्षणी थोडं तेल मिळालं आणि कुठल्याला नाही, हा नशिबाचा भाग असतो. म्हणून झिजेला क्रम राहत नाही.

गॅस तेलात जातो तरी कसा? आर-२२ला खनिज तेलाची ओढ असते. दोन्ही ठिकाणी तापमान सारखं असलं, तरी तेलावरचा गॅसचा दाब नुसत्या द्रव गॅसवरच्या दाबापेक्षा कमी असतो, म्हणून वाफ कॉम्प्रेसरकडे सरकत राहते आणि तेलात विरघळत जाते. तेल जितकं गार, तितका जास्त गॅस ते पोटात घेतं. रात्रभर हे निमूट चालतं. सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला की तेलावरचा दाब झटकन उतरतो आणि विरघळलेला गॅस एकदम उकळून बाहेर येतो, सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर येतो तसा. तेलाचा सगळा साठा फेसाळतो. पंप तेलाऐवजी फेस ओढतो, आणि जे थोडं तेल बेअरिंगांपर्यंत पोचतं ते गॅसने इतकं पातळ झालेलं असतं की धातूंमध्ये थर धरत नाही.

हे टाळायला कॉम्प्रेसरच्या तळाशी एक छोटा हीटर असतो, क्रँककेस हीटर. इथला शंभर वॉटचा होता. त्याचं काम एवढंच की यंत्र बंद असताना तेल आजूबाजूपेक्षा ऊबदार ठेवायचं, म्हणजे गॅस तिथे मुक्कामाला येत नाही. यंत्र चालू असताना त्याची गरज नसते. बंद असतानाच तो चालू हवा, ही उलटी गोष्ट लक्षात ठेवा.

मात्र एका शाफ्टवरून निष्कर्ष काढणं धोक्याचं. अहवालाचा निम्मा भाग इतर संशयितांना सोडवण्यात गेला, आणि तो जावाच लागतो. व्होल्टेजचं कारण तपासायला मुख्य पॅनलवर आठवडाभर नोंदणी यंत्र लावलं. तीन फेजमधला असमतोल एक टक्क्याच्या आतच राहिला. असमतोल गंभीर असतो, यात शंका नाही. साडेतीन टक्के असमतोलाने मोटरची तापमानवाढ सुमारे पंचवीस टक्क्यांनी चढते, असा अंगठेनियम आहे. पण इथे तो नव्हता आणि वाइंडिंगची खूणही त्याची नव्हती. स्टॅबिलायझरचं कोटेशन तिथेच बाजूला ठेवलं.

कंडेन्सरमधल्या क्षारांचं मोजमाप आणखी सोपं आहे. गॅस ज्या तापमानाला द्रव होतोय ते दाबावरून कळतं, आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान थर्मामीटरवरून. नळ्या स्वच्छ असतील तर दोन्हींत थोडाच फरक राहतो. क्षार साचले की तो वाढतो, दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो. लॉगबुकातल्या उन्हाळ्याच्या नोंदी पाहिल्या तर गॅस चाळीस अंशांच्या आसपास द्रव होत होता आणि पाणी साडेछत्तीसला बाहेर पडत होतं. साडेतीन अंशांचा फरक काही भीतिदायक नाही. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गरम गॅसचा पाइप ऐंशीच्या घरात होता. तेल खराब होऊ लागण्याची भीती त्याच्या बऱ्याच वर, एकशेपाचच्या पुढे, असते. शिवाय तिन्ही अपघातांचे महिने पाहा : जानेवारी, ऑगस्ट, डिसेंबर. क्षारांमुळे मरणारा कॉम्प्रेसर एप्रिल-मेमध्ये मरतो.

चालू असताना द्रव परत येतोय का, हेही पाहिलं. कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या पाइपचं तापमान तिथल्या दाबाला जुळणाऱ्या उकळबिंदूपेक्षा किती जास्त आहे, याला सुपरहीट म्हणतात. ते शून्याच्या जवळ असेल तर वाफेबरोबर थेंब येत आहेत असं समजायचं. आम्हाला कमी भारावर आणि भरल्या प्रेक्षागृहातही नऊ ते अकरा अंश मिळाले. चालू यंत्रात द्रव येत नव्हता.

उरला हीटर. तो जळालेला असेल अशी आमची अपेक्षा होती. क्लॅम्प मीटर लावला तर ०.४ अँपिअर, म्हणजे शंभर वॉटच्या हीटरने जेवढा घ्यायचा तेवढाच प्रवाह. हीटर उत्तम होता. समितीतल्या एकाने तर तिथेच फाइल मिटवायची तयारी केली. पण ती तपासणी दुपारी तीन वाजता, पॅनल चालू असताना झाली होती. मग ऑपरेटरला विचारलं, रात्री काय करता?

“साहेब, खेळ सुटला की आधी कॉम्प्रेसर, मग पंप, आणि शेवटी मेन आयसोलेटर खाली. सगळं बंद करूनच जायचं असा लेखी आदेश आहे. सही असते रोज.”

त्या रात्री आम्ही थांबलो. खेळ संपल्यावर साइट ग्लासमध्ये तेल अर्ध्यावर होतं, तिथे रंगाने रेघ मारली. आयसोलेटर नेहमीसारखा खाली केला. मीटरवर हीटरचा प्रवाह शून्य. सकाळी तळघरात अठरा अंश होते आणि कॉम्प्रेसरचा तळही अठराच. काचेतली पातळी जवळजवळ वरच्या कडेला टेकलेली. तेल रात्रीत वाढत नाही, वाढला होता तो त्यात मुरलेला गॅस. कॉम्प्रेसर सुरू न करता दुसऱ्या रात्री हीटरला वेगळी तात्पुरती वायर दिली. त्याच तळघरात, तेवढ्याच थंडीत सकाळी तेल तेहतीस अंशांवर होतं आणि पातळी रेघेवर परतलेली.

लॉगबुकात हे आधीपासून लिहिलेलं होतं, पण वाचलं कोणी नव्हतं. तेलाचा दाब कमी झाला तर कॉम्प्रेसर बंद करणारा एक स्विच असतो. सुरू होताना दाब तयार व्हायला वेळ लागतो म्हणून तो दोन मिनिटं थांबतो आणि मग निर्णय घेतो. एकदा पडला की हाताने बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, आणि ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली असते. तिसऱ्या कॉम्प्रेसरच्या हयातीत ‘ऑइल प्रेशर ट्रिप, रिसेट केले’ अशा अकरा नोंदी होत्या. अकराच्या अकरा दिवसाच्या पहिल्या सुरुवातीच्या. प्रत्येक ट्रिपमागे दोन मिनिटं उपाशी बेअरिंग, रिसेट केल्यावर पुन्हा दोन मिनिटं. ऑपरेटरला दोष द्यायचा तर बाहेर आठशे माणसं पडदा उघडायची वाट पाहत असतात, हे लक्षात ठेवून द्यावा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. तो समितीतल्या ज्येष्ठ सदस्याने विचारला आणि अहवाल खरा उभा राहिला तो त्यामुळे. आयसोलेटर एकच आहे. रात्री दोन्ही कॉम्प्रेसरांचे हीटर बंद होतात. मग दोन नंबर का मेला नाही?

चार्ल्स केपनर आणि बेंजामिन ट्रेगो या दोघांनी १९६५ मध्ये ‘द रॅशनल मॅनेजर’ या पुस्तकात ही पद्धत मांडली : बिघाड कुठे झाला एवढंच न पाहता, जिथे होऊ शकला असता पण झाला नाही ते शेजारी मांडायचं, आणि जे कारण दोन्ही बाजू समजावून सांगेल तेच ठेवायचं. आमच्या कारणाने दोन नंबरचं तब्येतीत असणं समजावून दिलं नाही, तर ते कारण अपुरं होतं.

उत्तर चालवण्याच्या सवयीत सापडलं. आयसोलेटर वर केल्यावर दहा मिनिटांत एक नंबर सुरू व्हायचा. दोन नंबर लावायचा तो प्रेक्षागृह भरल्यावर, दीड-दोन तासांनी, आणि तेही गर्दीच्या खेळालाच. या मधल्या वेळात दोन गोष्टी घडत. दोन नंबरचा हीटर चालू झालेला असे. पण एवढ्या वेळात शंभर वॉट फारसं काही करू शकत नाहीत. खरं काम दुसरंच करत होतं. चिलरचा पाणी गार करणारा भाग, इव्हॅपोरेटर, दोन्ही सर्किटांना सामाईक होता. एक नंबरने पाणी आठ अंशांवर आणलं की दोन नंबरच्या सर्किटमधली सगळ्यात गार जागा कॉम्प्रेसर राहत नसे, इव्हॅपोरेटर होई. गॅस नेहमी गार जागेकडे जातो. म्हणजे एक नंबर स्वतः मार खाऊन दोन नंबरच्या तेलातला गॅस परत इव्हॅपोरेटरकडे ओढायला लावत होता. तपासायला आम्ही दोन नंबरच्या काचेवर नजर ठेवली. सकाळी चढलेली पातळी दोन तासांत अर्ध्यावर उतरली, कॉम्प्रेसर सुरू न करता.

महिन्यांचं कोडंही सुटलं. जानेवारी आणि डिसेंबरात तळघर गार. ऑगस्टमध्ये गार नव्हतं, पण दुरुस्तीसाठी नाट्यगृह सलग आठ दिवस बंद होतं. रात्रभरात जेवढा गॅस मुरतो त्यापेक्षा आठ दिवसांत कितीतरी जास्त.

तर मूळ कारण काय? ‘ऑपरेटर आयसोलेटर बंद करतो’ इथे थांबता आलं असतं आणि एका माणसाला नोटीस देऊन फाइल बंद झाली असती. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी पाच वेळा ‘का’ विचारण्याचं जे गाजलेलं उदाहरण दिलंय, तेही योगायोगाने वंगण न मिळालेल्या बेअरिंगचंच आहे. तिथे फ्यूज उडण्यापासून सुरुवात होते आणि शेवट पंपाला गाळणी नसण्यावर होतो. आमची गाळणी कागदपत्रांत होती.

आयसोलेटर का बंद होतो? कारण पहिल्या बिघाडाच्या चार महिने आधी, सप्टेंबरात, रंगभूषा कक्षात शॉर्टसर्किटने किरकोळ आग लागली होती आणि त्यानंतर रात्री सर्व मेन बंद करण्याचा आदेश निघाला. शहाणा आदेश. पण आयसोलेटर बंद केल्यावर हीटर का बंद होतो? कारण त्याच वर्षी मे महिन्यात जुनं पॅनल बदललं गेलं. जुन्या पॅनलमध्ये हीटरची वायर आयसोलेटरच्या आधीच्या, कायम जिवंत लाइनवरून होती. काम घेताना दिलेल्या नकाशात ती दाखवलेलीच नव्हती, कारण अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी जागेवरच ती जोडली होती. नव्या पॅनलच्या माणसाने सगळी वायरिंग नीटनेटकी आयसोलेटरच्या पुढे घेतली. हेही चुकीचं म्हणता येत नाही. मे ते सप्टेंबर आयसोलेटर रात्री चालूच असे, म्हणून काही बिघडलं नाही. आदेश आधीपासून असता आणि पॅनल जुनंच राहिलं असतं, तरी बिघडलं नसतं. दोन्ही एकत्र आले आणि चार महिन्यांत पहिला कॉम्प्रेसर गेला. अहवालाने मूळ कारण असं नोंदवलं : चिलरच्या विद्युत जोडणीत आणि बंद करण्याच्या पद्धतीत बदल झाले, पण यंत्र बंद असताना कोणता भाग जिवंत राहायला हवा, हे दोन्ही वेळा कोणीही तपासलं नाही.

नव्या पॅनलने आणखी एक गोष्ट गमावली होती. जुनं पॅनल थांबवताना आधी द्रव गॅसच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचं, मग कॉम्प्रेसर इव्हॅपोरेटर रिकामा करून कमी दाबावर आपोआप थांबायचा. याला पंप-डाउन म्हणतात. त्यामुळे रात्री मुरायला गॅस फारसा शिल्लकच राहत नसे. नव्या पॅनलचं ‘स्टॉप’ बटण सगळं एकाच वेळी तोडत होतं. हे सहायक कारण म्हणून वेगळं नोंदवलं.

शिफारशींमध्ये पहिली फुकटातली होती आणि त्याच संध्याकाळी अमलात आली : आयसोलेटरवर मराठीत पाटी, ‘हा बंद करू नये’, आणि आगीच्या आदेशात चिलरचा अपवाद. वीज गेली किंवा आयसोलेटर बंद राहिला, तर हीटर चोवीस तास चालू ठेवल्याशिवाय कॉम्प्रेसर लावायचा नाही. पाटी ही तात्पुरती सोय, कारण माणसं बदलतात आणि पाट्या पडतात. म्हणून महिन्याभरात हीटरला आयसोलेटरच्या आधीपासून स्वतंत्र लाइन, तिच्यावर स्वतःचा छोटा ब्रेकर आणि बाहेर दिसणारा दिवा. तेल पुरेसं ऊबदार नसेल तर कॉम्प्रेसर सुरूच होणार नाही अशी पॅनलमध्ये जोडणी. पंप-डाउन पुन्हा बसवायचं, मात्र त्या वेळी चिलरच्या पाण्याचा पंप चालू राहिलाच पाहिजे, नाहीतर इव्हॅपोरेटरमधलं पाणी गोठून नळ्या फुटतील. ऑइल प्रेशरची ट्रिप झाली तर रिसेट एकदाच. दुसऱ्या वेळी यंत्र बंद आणि फोन, पडदा उघडायची वेळ झाली असली तरीही.

खर्चाचा हिशोब समितीने मागितला होता. दोन हीटर, दिवसाचे चौदा तास बंद वेळ, म्हणजे रोज तीन युनिटपेक्षा थोडी कमी वीज. तीस-पस्तीस रुपये. आयसोलेटर खाली करून एवढीच बचत होत होती.

काय सुचवलं नाही, हेही अहवालात लिहिलं. स्टॅबिलायझर नाही. परत येणारा द्रव अडवणारी सक्शन अॅक्युम्युलेटरची टाकीही नाही, कारण चालू यंत्रात द्रव येतच नव्हता. नवा चिलर या कारणासाठी नाही. आर-२२ भारतात २०३० पर्यंत, दुरुस्तीपुरती थोडी सूट सोडून, बाद व्हायचा आहे. तेव्हा यंत्र कधीतरी बदलावं लागेलच. पण तो वेगळा निर्णय आहे आणि त्याचं बिल या अपघातांवर फाडू नये. नवं यंत्र त्याच पॅनलवर, त्याच आदेशाखाली बसलं असतं, तर त्याचाही कॉम्प्रेसर धोक्यात आला असता.

देखभालीच्या करारात एक कलम नव्याने घातलं, आणि माझ्या मते सगळ्या शिफारशींत ते सर्वांत मोलाचं : बदललेला कॉम्प्रेसर उघडून, शाफ्ट, बेअरिंगं, व्हॉल्व्ह प्लेट आणि वाइंडिंगचे फोटो दिल्याशिवाय तो एक्स्चेंजला जाणार नाही. ठेकेदाराने थोडी कुरकुर केली. त्याचं म्हणणं असं की यात अर्धा दिवस जातो. जातो खरा.

अहवालाला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच पानावर लिहिल्या आहेत. तिसऱ्या कॉम्प्रेसरचं कारण ‘सिद्ध’ या शब्दाने नोंदवलं, कारण त्याचा शाफ्ट, तेलाच्या पातळीची चाचणी आणि लॉगबुक तिन्ही एकच सांगतात. पहिल्या दोघांचं कारण फक्त ‘संभाव्य’. ते कोणी उघडले नाहीत, आता उघडता येणारही नाहीत. त्यातला एखादा खरोखर वेगळ्याच दोषाने गेला असेल. पहिल्याच्या जळण्यातून गॅसमध्ये आम्ल उतरलं आणि त्याने दुसऱ्याचं आयुष्य कमी केलं, ही शक्यताही पूर्ण पुसता येत नाही. चौथा कॉम्प्रेसर बसवल्यावर पंधरा दिवसांनी केलेल्या चाचणीत त्याच्या तेलात आम्ल सापडलं नाही, इतकंच सांगता येतं.

उपाय लागू पडला की नाही हे ठरवायची कसोटीही आधीच लिहून ठेवली : पुढचे दोन हिवाळे आणि आठ दिवसांहून मोठी किमान एक सुट्टी, या काळात पहिल्या सुरुवातीला ऑइल प्रेशरची एकही ट्रिप नसावी आणि सकाळची तेलाची पातळी रेघेवरच असावी. एक हिवाळा गेला, ट्रिप झाली नाही. मोठी सुट्टी अजून आलेली नाही. ती येईल त्या दिवशी सकाळी काच पाहायला कोण जाणार, त्याचं पदनाम अहवालाच्या शेवटच्या तक्त्यात लिहिलेलं आहे.